दीड कोटीचं मशीन घ्यावं का? स्थिर खर्चही वाढतोय आणि वर कर्जही (पालदा, इंदूर)

पालदा_खोकीवाला

नमस्कार मंडळी. पालद्याला आमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं लहान युनिट आहे, मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो. गिऱ्हाईक म्हणजे नमकीनवाले, पीथमपूरच्या दोन औषध कंपन्या आणि थोडं ऑटो पार्ट्सचं काम. कोरुगेशनचं मशीन जुनं आहे. पेस्टिंग, स्टिचिंग अजून हातावरच चालतं आणि कारागीर नगावर पैसे घेतात.

वर्षाची विक्री साधारण ४ कोटी. त्यातले ३ कोटी २० लाख कागद, गोंद, शाई, नगावरची मजुरी आणि गाडीभाडं यांत जातात. म्हणजे रुपयामागे ८० पैसे. उरलेल्या ८० लाखांतून जागेचं भाडं, पगार, विजेचा ठरलेला आकार वगैरे ४० लाख जातात आणि ४० लाख नफा राहतो. टर्म लोन नाही. सीसी, म्हणजे रोजच्या खेळत्या भांडवलासाठी बँकेची उचल मर्यादा, आहे, पण क्वचितच हात लावतो.

आता एक ऑटोमॅटिक लाइन बघितली आहे, दीड कोटीची. मजुरी कमी होते, वेस्टेज कमी होतं. विकणारा म्हणतो खर्च ६८ पैशांवर येईल, मी ७० धरतोय. पण वर्षाचा स्थिर खर्च ४० वरून ७० लाखांवर जातो. त्यात १५ लाख घसारा, बाकी १५ मध्ये ऑपरेटर, मेंटेनन्सचा करार, विमा आणि विजेची वाढलेली कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे मंजूर भाराचा ठरलेला आकार. पैसे आमचे ३० लाख आणि बँकेचे १ कोटी २० लाख, १० टक्क्यांनी, ५ वर्षांत फेड. पहिल्या वर्षाचं व्याज १२ लाख धरा.

म्हणजे आजच्याच विक्रीवर नफा ४० चा ३८ होतो. भाऊ म्हणतो, दादा, विक्री वाढू दे, मग बघ. घरातून विचारणा आहे की विक्री कमी झाली तर? सीए म्हणाले, "तुम्ही दोन्ही लिव्हरेज एकदम घेताय, स्थिर खर्चाचं आणि कर्जाचं, विचार करून घ्या", आणि फोन ठेवला. मला एवढंच समजून घ्यायचंय की स्थिर खर्चाची जोखीम आणि कर्जाची जोखीम एकच आहे की वेगवेगळी? शेवटी दोन्ही खर्चच ना.

निफ्टी_नाद

भिया, लिव्हरेज समजून घ्यायचंय तर आधी फ्युचर्सचा एक लॉट घेऊन बघा. थोडं मार्जिन भरायचं, आख्खा लॉट आपला. एका दिवसात समजतं, सीए लागत नाही.

पालदा_खोकीवाला

दादा, शेअरचा प्रश्न नाहीये. खोक्यांचा आहे.

हिशोबनीस

यात फार डोकं लावण्यासारखं काही नाही. घसारा असो, पगार असो की व्याज असो, विक्री झाली नाही तरी द्यावं लागतं ते सगळं स्थिर. तुमचा स्थिर खर्च आज ४०, उद्या ८२. आज रुपयामागे २० पैसे सुटतात, उद्या ३० सुटतील. कागदावर दोन रेघा काढा, त्या ४ कोटी २० लाखांवर एकमेकींना छेदतात. त्याच्या वर मशीन चांगलं, त्याच्या खाली जुनंच चांगलं. तुम्ही आज ४ कोटींवर आहात, थोडं ढकललं की पलीकडे. घ्या मशीन.

स्थिर खर्चाचं ते ऑपरेटिंग लिव्हरेज आणि कर्जाचं ते फायनान्शियल, हा भेद परीक्षेत मार्क मिळवायला ठीक आहे.

निवृत्त_शाखाधिकारी

हिशोबनीस, ४ कोटी २० लाखांचा आकडा बरोबर आहे. पण दोन्ही खर्च एका पोत्यात घातल्यामुळे तुम्हाला एक गोष्ट दिसलीच नाही. ती दाखवतो.

क्षणभर धरा की या दोघा भावांकडे दीड कोटी रोख पडलेले आहेत आणि कर्ज घ्यायचंच नाही. मग नवा स्थिर खर्च ७०, व्याज शून्य. आता त्या दोन रेघा ३ कोटींवर छेदतात. म्हणजे मशीन म्हणून मशीन आजच्या ४ कोटींच्या विक्रीलाही फायद्याचं आहे: जुन्या पद्धतीने ४०, मशीनने ५०. ३ कोटींचा आकडा ४ कोटी २० लाखांवर नेला तो कर्जाने. पहिला आकडा धंद्याने ठरवला, दुसरा पैसे कुठून आणले त्याने. मशीन वाईट आहे का आणि ते घेण्याची रीत वाईट आहे का, हे दोन निराळे प्रश्न आहेत. सगळं ८२ मध्ये मिसळलं की ते वेगळे विचारताच येत नाहीत.

आता कर्ज नफा कधी वाढवतं ते बघू. मशीनमुळे जास्तीचं किती सुटतं? ४ कोटींवर १० लाख. दीड कोटींवर १० लाख म्हणजे पावणेसात टक्क्यांच्या आसपास. बँक १० टक्के घेते. १० ने घेऊन पावणेसातने लावलेला पैसा मालकाच्या खिशातूनच फरक काढणार, म्हणून ४० चा ३८ झाला. विक्री साडेचार कोटी झाली की मशीन १५ लाख जास्तीचे देतं, बरोबर १० टक्के. तिथे कर्ज घेतलं काय, न घेतलं काय, टक्केवारी सारखीच.

त्याच्या वर मात्र चित्र पालटतं. ६ कोटींवर मशीन ३० लाख जास्तीचे देतं. सगळा पैसा तुमचा असता तर दीड कोटींवर २० टक्के. कर्ज काढलं असेल तर व्याज जाऊन १८ लाख उरतात, पण ते तुमच्या फक्त ३० लाखांवर, म्हणजे ६० टक्के. धाकटा भाऊ हेच बघतोय आणि त्यात चूक काही नाही.

आता उलट बाजू. विक्री २० टक्के घटून ३ कोटी २० लाखांवर आली तर मशीन जुन्या पद्धतीपेक्षा अजूनही २ लाख जास्तच देतं. बिनकर्जाचा माणूस म्हणेल, फार नाही मिळालं पण गेलं तर नाही. कर्जवाल्याचे मात्र व्याजाने १० लाख कमी होतात. ३० लाखांवर १० लाखांचा खड्डा. तेच मशीन, तीच विक्री.

मी आयुष्यभर कर्जं मंजूर केली आहेत, त्यामुळे कर्जाला नावं ठेवायला बसलेलो नाही. पण प्रस्ताव आला की माझा पहिला प्रश्न हाच असायचा: वाईट वर्षात ही मालमत्ता माझ्या व्याजदराच्या वर कमावेल का? चांगल्या वर्षाचं गणित गिऱ्हाईक स्वतःच करून आणतो.

पालदा_खोकीवाला

काका, हे कोणी असं उलगडून सांगितलं नव्हतं. म्हणजे आमच्यासाठी खरी रेघ ४ कोटी २० नाही, साडेचार कोटी?

निवृत्त_शाखाधिकारी

४ कोटी २० ला तुमचा नफा जुन्या पद्धतीइतका होतो, पण तुम्ही घातलेल्या ३० लाखांवर काहीच सुटत नाही. साडेचार कोटीला त्या ३० लाखांवरही १० टक्के सुटतात. मी असतो तर साडेचार धरले असते.

बडोदेकर

काका, एक शंका. मी मकरपुऱ्याला ट्रान्सफॉर्मरच्या पार्ट्सचं जॉबवर्क करतो. "सगळा पैसा स्वतःचा असता तर व्याज शून्य" हे मला पटत नाही. माझे दीड कोटी एफडीत असते तर सात टक्के तरी मिळालेच असते. ते बुडालेलं व्याज धरायला नको? धरलं तर बिनकर्जाची रेघही ३ कोटींच्या बरीच वर जाईल.

निवृत्त_शाखाधिकारी

धरायला हवं. निर्णय करताना धरायचंच, ४ कोटी ५ लाखांच्या आसपास जाईल ती रेघ. पण फरक असा की बुडालेलं एफडीचं व्याज मनातल्या मनात हळहळायला लावतं, बँकेचं व्याज तारखेला खात्यातून जावं लागतं. हप्ता थकून ९० दिवस झाले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत. मग सरफेसी या वसुलीच्या कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, आणि तारण ठेवलेली जागा बँकेच्या ताब्यात जाऊ शकते. तुमचा स्वतःचा पैसा तुम्हाला नोटीस पाठवत नाही. खर्च दोन्हीकडे आहे, पण धंदा बंद पाडण्याची ताकद एकाकडेच आहे.

भंवरकुआँची_ताई

इथेच मला काका थोडं थांबवायचंय. मी आठ-नऊ वर्षं भंवरकुआँला कोचिंग चालवलं. कर्ज एका पैचं नाही. आमच्या बाबांचा नियमच होता, उसनं आणायचं नाही, आणि मी तो पाळला. तीन मजले भाड्याने घेतले होते, पाच वर्षांचा करार, त्यात तीन वर्षांचा लॉक-इन. शिक्षकांना महिन्याचा ठरलेला पगार, कारण चांगला फिजिक्सचा सर तासावर येत नाही.

बॅच भरली की दर नव्या मुलाची फी जवळजवळ सगळीच माझी. वर्गात ४० च्या जागी ६० बसले तर मला जास्तीचा खर्च काय, नोट्स आणि पाणी. त्या दोन वर्षांत इतका पैसा मिळाला की मला वाटलं मी फार हुशार आहे. मग २०२० चा मार्च आला. फी बंद, भाडं चालू. मालक म्हणाला, लॉक-इन आहे मॅडम. दोन मजले सोडायला मला डिपॉझिट सोडून द्यावं लागलं, सरांना अर्ध्या पगारावर आणलं, त्यातले दोघे गेले. कर्ज नव्हतं तरी धंदा बसला. तेव्हा "धंदा बंद पाडण्याची ताकद फक्त कर्जाकडे" हे मी मान्य करणार नाही.

हिशोबनीस

हेच तर मी म्हणत होतो. ताईंचं भाडं आणि बँकेचं व्याज यात फरक काय राहिला?

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, तुमचा मुद्दा मान्य. मी "ताकद एकाकडेच" लिहिलं ते जरा जोरात झालं. लॉक-इनमधलं भाडं हे नावाने स्थिर खर्च आणि वागणुकीने कर्ज. हिशेबाच्या नियमांनाही ते पटलेलं आहे. १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ लागू झालं, तेव्हापासून मोठ्या कंपन्यांना लांब मुदतीच्या भाडेकरारांची देणी ताळेबंदात कर्जासारखी दाखवावी लागतात. विमान कंपन्यांचे ताळेबंद त्यामुळे एका रात्रीत जड दिसायला लागले. धंदा तोच होता, आधी ते देणं आत दिसत नव्हतं एवढंच.

पण हिशोबनीस, फरक राहतो, तो तडजोडीत. ताईंनी सरांना अर्ध्या पगारावर आणलं, दोन मजले सोडले. वाईट रीतीने का होईना, स्थिर खर्च खाली आला. खोकीवाले उद्या एका ऑपरेटरला घरी पाठवू शकतात, कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी करायचा अर्ज करू शकतात. मुद्दलाचा हप्ता "मंदी आहे" म्हणून आपोआप कमी होत नाही. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मोरेटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची मुभा, दिलं होतं, मार्च ते ऑगस्ट. पण त्या काळातलं व्याज चढतच होतं, आणि अशी सवलत दर मंदीत मिळत नाही.

म्हणून मी असं बघतो: प्रत्येक स्थिर खर्चासमोर लिहायचं, विक्री पडली तर हा किती महिन्यांत खाली आणता येईल. जो तीन महिन्यांत येतो तो तितकासा स्थिर नाही. जो तीन वर्षांत येत नाही तो कर्जाच्या रांगेत बसवायचा.

सराफ्यातला_रात्रपाळी

माझं तर उलटं आहे. सराफ्यात ठेला, रात्रीपुरता. माल रोजचा रोज, पोरं रोजावर. विक्री नाही तर खर्च नाही. तुमची ही सगळी चर्चा वाचून आज झोप छान लागेल 😄

बडोदेकर

पण दादा, गर्दी दुप्पट झाली तर नफाही दुप्पटच होतो ना तुमचा, चौपट नाही.

सराफ्यातला_रात्रपाळी

हो, तेही खरं. रंगपंचमीला गर्दी तिप्पट, हात मात्र दोनच.

पालदा_खोकीवाला

काका, मी काल रात्री बसून एक केलं. नेटवर वाचलं की सुटलेली रक्कम भागिले नफा केलं की पट निघते. मशीन आणि कर्ज दोन्ही धरून आमचं १२० भागिले ३८, म्हणजे ३.१६. म्हणजे विक्री १० टक्के वाढली तर नफा साडेएकतीस टक्के वाढेल, १० टक्के घटली तर तेवढाच घटेल. जुन्या पद्धतीत ८० भागिले ४०, दोन पट. मग जोखीम दीडपट झाली, एवढंच ना? दीडपट झेपेल असं वाटतं.

निवृत्त_शाखाधिकारी

भागाकार बरोबर. ३.१६ मधला २.४ चा भाग मशीनचा, १२० भागिले व्याजाआधीचे ५०, आणि १.३२ चा कर्जाचा, ५० भागिले ३८, दोन्ही गुणायचे. गुणायचे हे लक्षात ठेवा, बेरीज नाही. कर्जाचा गुणक एकट्याने बघितला तर किरकोळ वाटतो, पण तो मशीनच्या २.४ वर बसतो.

आता घोटाळा कुठे आहे बघा. ३.१६ हा आकडा फक्त ४ कोटींवर उभं राहून दिसतो. खाली उतरलात की तोच बदलतो. विक्री ३ कोटी २० लाखांवर आली की सुटणारी रक्कम ९६ लाख आणि नफा १४ लाख. तिथे पट ६.८६. म्हणजे तिथून आणखी १० टक्के विक्री गेली की उरलेल्या नफ्यातला जवळजवळ ७० टक्के जातो, १४ लाखांचे साडेचार लाखसुद्धा राहत नाहीत. पहिल्या १० टक्क्यांनी जितका हादरा बसतो त्यापेक्षा टक्केवारीत तिसऱ्याचा कितीतरी मोठा. रुपयात बघाल तर दर पायरी खाली येताना बुडणारे रुपये थोडे कमीच होत जातात, पण बुडायला शिल्लकच कमी असते.

वर जाताना उलट होतं. ६ कोटींवर पट २ च्याही खाली येते. म्हणजे वर चढाल तसं मशीन आणि कर्ज दोन्ही मवाळ होतात, खाली घसराल तसे तिखट. म्हणून "दीडपट" म्हणून मनाची समजूत घालू नका.

बडोदेकर

काकांच्या हिशेबात एक भर. हे सगळं खोक्यांची संख्या घटली तर. पण भाव पडला तर? आमच्याकडे तेच होतं. नग तेवढेच, पार्टी म्हणते ५ टक्के कमी करा.

तुमच्या आकड्यांवर करून बघितलं. भाव ५ टक्के पडला, नग तेवढेच, तर २० लाख थेट नफ्यातून जातात. जुन्या पद्धतीत ४० चे २०, मशीनवर ३८ चे १८. दोन्हीकडे २० लाखच! संख्या ५ टक्के घटली असती तर जुन्यात ४ लाख आणि मशीनवर ६ लाखच गेले असते. म्हणजे भावाची मार संख्येच्या कितीतरी पट, आणि ती मशीन न घेऊनही चुकत नाही.

निवृत्त_शाखाधिकारी

फार चांगला मुद्दा. त्याला एक शेपूट जोडतो. मशीन घेतलेल्याचा ठरलेला खर्च जातच असतो, म्हणून ७० पैशांच्या वर मिळेल त्या भावाला तो ऑर्डर उचलतो. ७५ पैशांतही त्याचं काही सुटतं, ८० पैसे खर्चणाऱ्याचं नाही. एका पट्ट्यात चार-पाच जणांनी मशीनं घेतली की भाव पडतो तो यामुळे. तेव्हा खोकीवाले, सांवेर रोडला आणि पालद्याला गेल्या दोन वर्षांत किती लाइन लागल्या ते मोजा. तुम्ही मशीन नाही घेतलं तरी भाव पडणारच असेल, तर जुन्या पद्धतीचा ४० लाख नफा हा पुढेही टिकेल असं धरणं चूक आहे. इथे मी मशीनच्या बाजूने बोलतोय.

पालदा_खोकीवाला

सांवेर रोडला तीन तरी लागल्या आहेत, पालद्यात एक. भाव ढिला आहे हे खरं. शिवाय क्राफ्ट कागद वर जातो तेव्हा आम्हाला पार्टीकडून भाव वाढवून घ्यायला दोन महिने लागतात. २०२०-२१ च्या हिवाळ्यात कागद असा चढला होता की जुन्या भावातल्या ऑर्डरी पदरचे घालून पुऱ्या केल्या.

हिशोबनीस

मग प्रश्नच संपला. नफा-तोट्याची रेघ ८२ भागिले ०.३, म्हणजे २ कोटी ७३ लाख. विक्री ३२ टक्के पडली तर तोटा सुरू. ३२ टक्के विक्री कोणाची पडते? घ्या.

निवृत्त_शाखाधिकारी

२ कोटी ७३ ही कागदावरची रेघ. बँकेचा हप्ता कागदावर भरता येत नाही.

मुद्दलाचे वर्षाला २४ लाख नफा-तोटा पत्रकात येतच नाहीत, पण खिशातून जातात. घसाऱ्याचे १५ पत्रकात येतात, पण खिशातून जात नाहीत. तर ७० मधून १५ काढा, ५५. त्यात व्याज १२ आणि मुद्दल २४ घाला, ९१ लाख. भागिले ०.३ म्हणजे ३ कोटी ३ लाख. रोख रकमेची रेघ ही, तीही कर न धरता. विक्री २४ टक्के पडली की हप्ता चुकतो, आणि गंमत म्हणजे त्या वर्षी तुमचा सीए ९ लाखांचा नफा दाखवून त्यावर करही भरायला सांगेल.

बँक यासाठी डीएससीआर बघते, म्हणजे व्याज आणि मुद्दलाच्या दर रुपयामागे कर भरून हातात किती रोख येते. कर साधारण ३१ टक्के धरला तर ४ कोटींवर तुमचा डीएससीआर १.४८ येतो, चालण्यासारखा. विक्री २० टक्के घटली, नफा १४ लाख, तर १.०२. म्हणजे वर्षभर कारखाना चालवून हातात आलेला रुपया हप्त्यालाच पुरला.

आता मला दोन गोष्टी सांगा. स्थिर खर्चाच्या ४० लाखांत तुम्हा दोघा भावांची घरखर्चाची उचल धरली आहे का? आणि सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा विक्रीत वाटा किती?

पालदा_खोकीवाला

उचल धरली नाही, ती नफ्यातून घेतो. दोघांची मिळून वर्षाला १२ लाख. मोठं गिऱ्हाईक एक नमकीनवाला आहे, ३५ टक्के त्याचं.

भंवरकुआँची_ताई

३५ टक्के!

निवृत्त_शाखाधिकारी

हं. मग तुमचा निर्णय सरासरी विक्री किती घटेल यावर नाही, तो एक माणूस राहतो की जातो यावर आहे.

तो गेला तर विक्री २ कोटी ६० लाख. जुन्या पद्धतीत सुटतात ५२ लाख, स्थिर खर्च ४०, उरले १२, म्हणजे नेमकी तुमची उचल. घर चालतं, कारखाना चालतो, नवं गिऱ्हाईक शोधायला वेळ मिळतो. मशीन आणि कर्जासह सुटतात ७८ लाख. जायला हवेत ९१, आणि उचल धरून १०३. वर्षाला २५ लाख कमी. सीसीतून तुम्ही ते काही महिने भराल, सगळे तेच करतात, आणि मग सीसी भरली की कागदवाल्याचे पैसे थकतात. बँकेत बसून मला आजारी खातं ओळखायला हेच पुरायचं: विक्री वाढलेली नाही, पण सीसी कायम लिमिटला टेकलेली.

उचल धरली की रोख रकमेची रेघ ३ कोटी ४३ लाखांवर येते. ४ कोटींवरून फक्त १४ टक्के खाली. हिशोबनीस, १४ टक्के विक्री पुष्कळांची पडते.

हिशोबनीस

उचल म्हणजे मालकाचा नफा, ती खर्चात धरणं मला पटत नाही. वाईट वर्षी उचल कमी करायची. पण ३५ टक्क्यांचं मला आधी माहीत नव्हतं, ते मान्य.

पालदा_खोकीवाला

मुलांच्या फिया आहेत, दादा. १२ चे ९ होतील, शून्य नाही होणार.

काका, मग मधला रस्ता काही?

निवृत्त_शाखाधिकारी

दोन दिसतात. एक, मशीन तेच पण कर्ज लांब मुदतीचं. ५ च्या जागी ७ वर्षं घेतलीत तर मुद्दल २४ वरून साधारण १७ लाखांवर येतं आणि उचल धरून रोख रकमेची रेघ ३ कोटी २० लाखांच्या आसपास. एकूण व्याज जास्त जाईल, पण श्वास मिळेल. याने ऑपरेटिंग बाजू तशीच राहते, कर्जाची धार फक्त थोडी बोथट होते.

दुसरा, दीड कोटीची आख्खी लाइन न घेता जिथे मजुरी सगळ्यात जास्त जाते तेवढंच एक मशीन घ्या. ५०-६० लाखांत काय येतं ते तुम्हालाच माहीत. तुमचे ३० तसेच घाला, कर्ज पंचवीस-तीस. रुपयामागे १० पैसे नाही वाचणार, चार-पाच वाचतील. पण स्थिर खर्चही थोडाच चढेल आणि हप्ताही.

आणि व्याज १२ लाख धरलंय ते कायम राहील असं समजू नका. २०१९ च्या ऑक्टोबरपासून लहान उद्योगांची बदलत्या दराची कर्जं बाहेरच्या दराला बांधलेली आहेत, बहुतेक रेपोला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून साडेसहा झाला. तुमच्या रकमेवर तेवढी वाढ म्हणजे वर्षाला ३ लाख.

बडोदेकर

तिसराही आहे. आमच्या इथे दोन लहान युनिटनी मिळून एक मशीन घेतलंय, अर्धी शिफ्ट याची, अर्धी त्याची. भांडणं होतात, पण हप्ता अर्धा असतो.

भंवरकुआँची_ताई

भांडणं लिहून घ्या आधी. कोणाच्या शिफ्टमध्ये मशीन बिघडलं तर दुरुस्ती कोणाची, हे कागदावर हवं. माझा अनुभव कागदाचाच आहे 🙂

निफ्टी_नाद

मी सगळं वाचलं. एक विचारू का? त्या ३५ टक्केवाल्याशीच करार करा ना, तीन वर्षं माल घेईन म्हणून. तुमचा खर्च ठरलेला, तर त्याची खरेदीही ठरलेली पाहिजे.

निवृत्त_शाखाधिकारी

नाद सोडून काम केलंत, छान! हे पहिल्यांदा विचारायला हवं होतं. फक्त करारात कमीत कमी नग लिहिलेले हवेत आणि कागदाच्या भावाशी बांधलेला दर हवा. नुसतं "आमचा माल तुमच्याकडूनच घेऊ" याला बँकही किंमत देत नाही.

पालदा_खोकीवाला

नगाची हमी तो देईल असं वाटत नाही. गेल्या दिवाळीला साधं वार्षिक दराचं पत्र मागितलं तर म्हणाला, "आपले घरचे संबंध आहेत, कागद कशाला?" तरी सोमवारी जाऊन बसतो. त्याने कमीत कमी नग लिहून दिले तर आख्ख्या लाइनचा प्रस्ताव ७ वर्षांचा करून बँकेत देतो. नाही दिले तर फक्त प्रिंटर-स्लॉटरचं, म्हणजे पुठ्ठ्यावर छापून खाचा पाडणाऱ्या एकाच मशीनचं, कोटेशन मागवतो. त्याचे आकडे आले की इथेच टाकेन, काका.

हिशोबनीस

आकडे टाकाल तेव्हा उचल वेगळ्या ओळीत लिहा. तो वाद अजून संपलेला नाही.